सूत कंपनीने टॉवेल कंपनीला विकलेला माल आणि शेवटच्या साठ्यात अडकलेला नफा: कन्सॉलिडेशनच्या नोंदी तपासून द्या

आर्टिकल_सोलापूर
नमस्कार. नावे काढून आणि आकडे गोल करून विचारते आहे. सूतगिरणी चालवणारी मूळ कंपनी आहे, तिची ८० टक्के मालकीची उपकंपनी एमआयडीसीत टेरी टॉवेल विणते. दोन्ही खाजगी कंपन्या आणि नेटवर्थ इंड एएसच्या मर्यादेखाली, त्यामुळे जुनी एएस मानके लागतात, इंड एएस नाही. वर्ष २०२४-२५.

सूत कंपनीच्या वह्यांत उपकंपनीला विक्री २०५ लाख. तिचा स्वतःचा खर्च १६४ लाख, म्हणजे खर्चावर २५ टक्के नफा. टॉवेल कंपनीच्या वह्यांत मात्र सूत कंपनीकडून खरेदी २०० लाखच दिसते. ३१ मार्चला टॉवेल कंपनीच्या गोदामात या सुताचा साठा २४.४० लाख.

मी केलेल्या नोंदी: विक्री नावे २०५, खरेदी जमा २००, फरक ५ सस्पेन्सला. मग २४.४० वर २५ टक्के म्हणजे ६.१० लाख नफ्यातून वजा आणि साठ्यातून कमी. सर म्हणतात, "आकडा चुकला आहे, शोध." कुठे चुकलं ते कळत नाही.

विजापूर_रोड
पहिली गोष्ट, तुम्ही पूर्ण नफा काढताय. मालकी ८० टक्के आहे, म्हणजे नफ्याचाही ८० टक्केच भाग काढायचा. उरलेला २० टक्के बाहेरच्या भागधारकांचा, त्यांच्यापुरता तो माल विकला गेला असंच धरायचं. ६.१० चे ८० टक्के, ४.८८ लाख.

दुसरं, टक्का विक्रीवर लावा. खर्चावर २५ म्हणजे विक्रीवर २०.

ताळेबंद_काका
विजापूर_रोड यांची दुसरी सूचना बरोबर आहे, पहिली नाही. हिश्श्यापुरता नफा काढायची रीत असोसिएट कंपनीसाठी आहे, एएस २३ मध्ये. उपकंपनीला एएस २१ लागतं आणि तिथे गटातले व्यवहार व त्यातून आलेला न कमावलेला नफा पूर्ण काढायचा. कारण साधं आहे. उपकंपनीचा साठा आपण ताळेबंदात ८० टक्के घेत नाही, शंभर टक्के घेतो. मग त्यात फुगलेली रक्कमही शंभर टक्केच काढावी लागणार.

२० टक्केवाल्यांचा प्रश्न वेगळा: काढलेल्या नफ्याचा भार कोणावर टाकायचा? इथे विकणारी मूळ कंपनी आहे. नफा तिच्या वह्यांत आहे, उपकंपनीच्या नाही. म्हणून सगळा भार मूळ कंपनीच्या भागधारकांवर, मायनॉरिटीच्या आकड्याला हात लावायचा नाही. उद्या उपकंपनीने मूळ कंपनीला माल विकला तर चित्र उलटेल आणि तेव्हा मायनॉरिटीचा हिस्सा कमी करतात.

आता तुमच्या नोंदीकडे, बाई. मला त्यात चार जागा दिसतात. टक्का, मालवाहतूक, तो ५ लाखांचा सस्पेन्स, आणि जो साठा तुम्ही मोजलाच नाही तो. आधी सस्पेन्स बघा. ३१ मार्चचं शेवटचं बिल आणि टॉवेल कंपनीच्या गेटवरचं आवक रजिस्टर शेजारी ठेवा. शिवाय दोघांची उधारी जुळवा. फरक ५ लाख आला तर डेबिट नोट किंवा दराचा वाद असेल. ५.२५ लाख आला तर तो माल रस्त्यात आहे, वरचे २५ हजार सुतावरचा ५ टक्के जीएसटी.

चाटी_गल्ली
माझंही असंच आहे. चादरीचं दुकान इथे आणि पुण्यात, दोन जीएसटी नंबर. मार्च अखेर इथून तिकडे १२ लाखाचा माल नफा लावून पाठवला, तर तो नफा दाखवायचा की काढायचा? सॉफ्टवेअर तर विक्री म्हणून धरतंय.

ताळेबंद_काका
तुमचं वेगळं आहे, मालक. दोन्ही दुकानं महाराष्ट्रात असतील तर दुसरा नंबर तुम्ही वेगळा घेतलेला असणार, पण पॅन एकच, म्हणजे व्यवसाय एकच. तुमचा ताळेबंद एकच होतो आणि त्यात शाखेकडे गेलेला माल विक्री म्हणून येतच नाही. जीएसटीच्या रिटर्नमध्ये तो पुरवठा म्हणून राहील, हिशेबात राहणार नाही. पुण्यात पडून असलेला माल मूळ किमतीला आणा, एवढं पुरे. इथे चाललंय ते दोन स्वतंत्र कंपन्यांचं.

आर्टिकल_सोलापूर
काका, उधारीतला फरक ५.२५ लाखच आला. बिल ३१ मार्च संध्याकाळचं, २००० किलो. टॉवेल कंपनीच्या गेटवर आवक १ एप्रिल. आणि २४.४० मध्ये ४० हजार मालवाहतूक आहे, ट्रान्सपोर्टवाल्याला दिलेली. पण "मोजलाच नाही तो साठा" कुठला? गोदामातलं सूत मी स्वतः यादीवरून घेतलंय.

ताणाबाणा
टॉवेलच्या कॉस्टिंगला बसतो म्हणून लिहितो. तुमचं सूत फक्त गोदामात नसतं. ३१ मार्चला ते मागावरच्या बीमवर असतं, डाईंगला गेलेल्या मालात असतं, पॅकिंगला ठेवलेल्या तयार टॉवेलात असतं. सूत कंपनीचा नफा त्या प्रत्येक किलोबरोबर पुढे सरकलेला असतो. टॉवेल झाला म्हणून तो नफा कमावला गेला असं होत नाही, टॉवेल बाहेरच्या गिऱ्हाईकाला गेल्यावर होतो.

आमच्याकडे टेरीत तीन सुतं लागतात. उभं दोन प्रकारचं: ग्राउंड आणि पाईल, म्हणजे ज्याचे लूप उभे राहतात ते. आडवं बाण्याचं वेगळं. बऱ्याच ठिकाणी यातलं एखादंच सूत ग्रुपमधून येतं, बाकी बाजारातून. त्यामुळे टॉवेलच्या किमतीवर सरसकट टक्का लावू नका, डिझाईन शीट मागा. कुठल्या टॉवेलात कुठलं सूत किती ग्रॅम, ते तिथे मिळतं. वजनावर वेस्टेज चढवायला विसरू नका. ६०८० किलो ग्रुपचं सूत टॉवेलात दिसलं आणि नेहमीचं वेस्टेज ५ टक्के असेल तर खर्ची पडलेलं सूत ६४०० किलो. वेस्टेजची किंमतही साठ्याच्या खर्चातच बसलेली असते.

आर्टिकल_सोलापूर
ताणाबाणा दादा, कारखान्यातून शीट मिळाली. तुम्ही म्हणालात तसंच आहे, पाईलचं सूत सगळं मूळ कंपनीचं, ग्राउंड आणि बाणा बाहेरचा. अर्धवट आणि तयार माल मिळून ५० लाख, त्यातलं ग्रुपचं सूत वेस्टेज धरून ६४०० किलो. योगायोगाने तुमचाच आकडा. दर वर्षभर २५० रुपये किलो, सूत कंपनीचा खर्च २०० रुपये.

ताळेबंद_काका
आता किलोत मांडा, टक्क्याचा घोळच राहणार नाही. किलोमागे नफा ५० रुपये.

गोदामात ९६०० किलो, बिलाच्या दराने २४ लाख. रस्त्यात २००० किलो, ५ लाख. टॉवेलात आणि मागावर ६४०० किलो, १६ लाख. एकूण १८,००० किलो, ४५ लाख, आणि त्यात अडकलेला नफा ९ लाख. यातल्या गोदाम आणि रस्त्यातल्या सुताचा ५.८० लाख, टॉवेलातल्या सुताचा ३.२०.

मालवाहतुकीचे ४० हजार यात नाहीत आणि नसावेत. ते गटाबाहेरच्या माणसाला गेले, म्हणजे गटाचाही तो खरा खर्च आहे. साठ्यात राहू द्या.

तुमचे ६.१० या जागेवर कसे आले ते पाहा. टक्का जास्त लावला म्हणून आकडा वाढला, टॉवेल आणि रस्त्यातला माल सुटला म्हणून कमी झाला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून आकडा बघून काही खटकलं नसेल.

नोंदी अशा, रक्कम लाखांत:

पहिली, रस्त्यातल्या मालाची, टॉवेल कंपनीच्या बाजूने. मार्गस्थ माल नावे ५, जीएसटी नावे ०.२५, सूत कंपनी जमा ५.२५. माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून हे २५ हजार क्रेडिट लेजरच्या खात्यात न टाकता वेगळे ठेवा. यानंतर खरेदीही २०५ होते, शेवटचा साठाही ५ ने वाढतो, खपाचा आकडा तसाच राहतो.

दुसरी, विक्री नावे २०५, माल खप जमा २०५. सस्पेन्स आपोआप जातो. उधारीही आता समोरासमोर काटता येईल.

तिसरी, माल खप नावे ५.८०, तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील फरक नावे ३.२०, साठा जमा ९.

चौथीसाठी मला मागच्या वर्षाचा आकडा हवा. मागच्या ३१ मार्चला ग्रुपचं सूत किती होतं?

आर्टिकल_सोलापूर
मागच्या वर्षी २० लाख आणि नफा ४ लाख काढलेला आहे. कच्च्या सुताचा २.६०, टॉवेलातला १.४०. पण तो तर मागच्या वर्षीच काढून झाला ना? परत का?

ताळेबंद_काका
कारण कन्सॉलिडेशनच्या नोंदी कोणाच्याच वह्यांत जात नाहीत. त्या फक्त वर्कशीटवर असतात. यंदा तुम्ही पुन्हा दोन्ही कंपन्यांच्या कोऱ्या वह्यांपासून सुरुवात केलीत. त्या वह्यांत सूत कंपनीच्या सुरुवातीच्या शिलकी नफ्यात ते ४ लाख अजून आहेत, आणि टॉवेल कंपनीच्या सुरुवातीच्या साठ्यातही आहेत. तो साठा यंदा विकला गेला, म्हणजे तो नफा गटाने यंदा खरा कमावला.

म्हणून चौथी नोंद: सुरुवातीचा शिलकी नफा नावे ४, माल खप जमा २.६०, साठ्यातील फरक जमा १.४०.

ही नोंद विसरली की चूक ओळखायला सोपी आहे. एकत्रित शिलकी नफ्याची सुरुवातीची रक्कम मागच्या वर्षीच्या छापील एकत्रित ताळेबंदाशी जुळत नाही, आणि फरक नेमका मागच्या वर्षीच्या स्टॉक रिझर्व्हएवढा येतो. रोज वर्कशीट उघडली की हे आधी तपासा.

आता ताळा. सूत कंपनीने या विक्रीवर २०५ वजा १६४, म्हणजे ४१ लाख नफा दाखवला. त्यातले ९ अजून अडकलेत, मागचे ४ सुटले. गटाच्या नफ्यात ३६ राहायला हवेत. तुमच्या चार नोंदींचा नफ्यावरचा एकूण परिणाम वजा ९ अधिक ४, वजा ५. ४१ मधून ५ गेले, ३६. जुळलं.

शेळगीकर
पुण्यात लिस्टेड ग्रुपच्या रिपोर्टिंगला आहे. तुम्ही डिफर्ड टॅक्स विसरलात. सूत कंपनीने ४१ लाखांवर कर भरला, गटात नफा ३६ दिसतो. साठ्याची कराच्या दृष्टीने किंमत टॉवेल कंपनीच्या हातात ४५ लाख आहे, गटात ३६ लाख. ९ लाखांवर डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट यायलाच हवा, तोही विकत घेणाऱ्या कंपनीच्या दराने. २५.१६८ टक्क्याने सुमारे २.२७ लाख.

ताळेबंद_काका
तुमच्या ग्रुपला इंड एएस १२ लागतं, तिथे हे तंतोतंत बरोबर आहे, खरेदीदाराचा दर घ्यायचं तेही. पण इथे जुनी मानके आहेत. एएस २१ खाली एकत्रित कर म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या स्वतंत्र वह्यांतल्या कराची बेरीज. एलिमिनेशनवर नवा डिफर्ड टॅक्स उभा करत नाहीत.

शेळगीकर
नियम मान्य. तरी गटाच्या नफ्यावर कराचा टक्का वाकडा दिसतो आणि वाचणाऱ्याला कारण कळत नाही, हे मला पटत नाही. निदान टिपेत सांगावं.

ताळेबंद_काका
टिपेत लिहायला काही हरकत नाही.

विजापूर_रोड
हिश्श्याचं कळलं, धन्यवाद. असोसिएटच्या फाईलवरून तीच सवय लागली होती.

एक शंका. सूत कंपनीचा "खर्च" म्हणजे नक्की काय? गिरणीत प्रशासनाचा, व्याजाचा, विक्रीचा खर्च असतो. तो धरला तर २५० मध्ये नफा ५० राहणारच नाही, कदाचित ३०.

ताळेबंद_काका
चांगला प्रश्न. साठ्याच्या किमतीत जो खर्च बसतो तोच धरायचा, एएस २ प्रमाणे. कापूस, मजुरी, वीज आणि कारखान्याचे ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेने वाटून. विक्रीचा खर्च आणि ऑफिसचा सर्वसाधारण खर्च नाही. म्हणजे इथे "नफा" हा निव्वळ नफा नाही. गटाने ते सूत स्वतःच्या साठ्यात ज्या किमतीला ठेवलं असतं ती किंमत आणि बिलाचा दर, एवढाच फरक. तुमचे ३० घेतले तर ऑफिसचा पगार साठ्यात शिरतो.

वर्षभराची सरासरीही जपून वापरा. बाईंनी दर एकच सांगितला आहे म्हणून सोपं झालं. खरं म्हणजे कापूस वरखाली झाला की काउंटनुसार आणि तिमाहीनुसार नफा हलतो. गोदामातलं सूत साधारण फेब्रुवारी-मार्चचं असतं. टॉवेल कंपनी फिफो वापरत असेल तर त्या दोन महिन्यांच्या बिलांवरचा नफा घ्या, वर्षाचा नको. शिल्लक पिशव्यांवरचे लॉट नंबर पाहून बिलापर्यंत पोचता येतं.

ताणाबाणा
लॉटचं खरं आहे. शेडवाले लॉट मिसळू देत नाहीत, रंगात पट्टा येतो. त्यामुळे लॉटची नोंद कारखान्यात नीट ठेवलेली असते, ऑफिसात नसली तरी.

माझाही एक प्रश्न. टॉवेल कंपनीच्या गोदामातलं सूत कच्चा माल म्हणून दाखवता. पण ते गटाने स्वतः कातलंय. गटाला तो कच्चा माल कसा? कापूस कच्चा माल. सूत म्हणजे अर्धवट माल झाला की.

ताळेबंद_काका
तुमच्या म्हणण्यात दम आहे. गट एकच कंपनी मानली तर सूत ही मधली अवस्था. तसं केलं तर माझी दुसरी, तिसरी आणि चौथी नोंद बदलतात. माल खपाऐवजी तिसरीतले ५.८० आणि चौथीतले २.६० साठ्यातील फरकात जातील आणि ताळेबंदाच्या टिपेतही ओळ बदलेल. नफा बदलत नाही. मी बहुतेक ठिकाणी कच्च्या मालात ठेवलेलं पाहिलं आहे, कारण सूत बाजारातही विकलं जातं.

शेळगीकर
आम्ही अर्धवट मालात टाकतो. ऑडिटरनी आग्रह धरला होता. दोन्हीपैकी एक धरा, पण दरवर्षी तेच ठेवा, नाहीतर मागच्या वर्षीचे आकडेही बदलून द्यावे लागतात.

आर्टिकल_सोलापूर
मागच्या वर्षी कच्च्या मालात आहे, तेच ठेवते. सरांना विचारीन.

शेवटचं. तयार टॉवेलात एक जुन्या डिझाईनचा लॉट आहे. किंमत १० लाख, पण उचलला जात नाही म्हणून टॉवेल कंपनीने तो ९ लाखांवर आणला, १ लाख खर्चात टाकले. त्यात ग्रुपचं सूत ४ लाखांचं आहे. माझ्या ६४०० किलोत ते धरलेलं आहे. काही फरक पडतो का?

विजापूर_रोड
नाही. किंमत कमी केली ती वेगळी, नफा काढला तो वेगळा. दोन्ही करायचं.

ताळेबंद_काका
पडतो. दोन्ही केलं तर तोच रुपया दोनदा जाईल. ४ लाखांच्या सुतात नफा ८० हजार. गटाच्या दृष्टीने या लॉटचा मूळ खर्च १० वजा ०.८०, म्हणजे ९.२० लाख. बाजारात मिळणारे ९. म्हणजे गटातही लॉट ९ लाखांनाच उभा राहणार, आणि टॉवेल कंपनीच्या वह्यांत तो आधीच ९ वर आहे. साठ्यातून आणखी काही काढायचं नाही. टॉवेल कंपनीने टाकलेल्या १ लाखातच ते ८० हजार निघून गेले, उरलेले २० हजार हा गटाचा खरा तोटा.

तेव्हा तिसऱ्या नोंदीतले ३.२० हे २.४० करा, साठा जमा ९ ऐवजी ८.२०. नफ्यावरचा परिणाम वजा ४.२०.

लॉट ९.५० वर आणला असता तर ९.५० पासून ९.२० पर्यंतचे ३० हजार काढावे लागले असते. नियम असा धरा: गटाचा खर्च किंवा बाजारभाव, जो कमी असेल तिथपर्यंतच साठा खाली आणायचा, त्याखाली नाही.

विजापूर_रोड
पण मग वरचा ३६ चा ताळा जुळणार नाही.

ताळेबंद_काका
तो ताळा फक्त सूत कंपनीच्या नफ्याचा होता. आता सूत कंपनीचे ४१ वजा ४.२०, म्हणजे ३६.८० दिसतील. वरचे ८० हजार टॉवेल कंपनीच्या १ लाखाच्या तोट्यात बसले आहेत. दोन्ही एकत्र पाहा: ३६.८० वजा १, ३५.८०. सरळ मार्गाने ३६ मधून गटाचा खरा तोटा २० हजार गेला तरी ३५.८० च येतात.

आर्टिकल_सोलापूर
आता कळलं. वर्कशीटमध्ये लॉटनुसार वेगळी ओळ घालते आणि पुढच्या वर्षी सुरुवातीची नोंद ८.२० ची करायची अशी टीप लावून ठेवते.

ताळेबंद_काका
टिपेत ८.२० च्या शेजारी कच्च्या सुताचे ५.८० आणि टॉवेलातले २.४० असे दोन्ही भाग लिहा. पुढच्या वर्षी दुसरं कोणी बसलं तर ते शोधत बसतील.

चाटी_गल्ली
काका, पुण्याचा माल मूळ किमतीला आणताना इथून पाठवायचं भाडं धरायचं की नाही?

ताळेबंद_काका
धरायचं. बाहेरच्या ट्रान्सपोर्टला दिलेलं असेल तर.